मिनिमम ड्यू वेळेवर भरूनही कार्डावर एवढं व्याज का?

प्रश्न: १ जूनला क्रेडिट कार्डवर ४०,००० चा फ्रिज घेतला. १५ जूनच्या बिलात मिनिमम ड्यू २,००० होता, तो ५ जुलैला, शेवटच्या तारखेलाच, भरला. मधे २० जूनला ६,००० ची आणखी खरेदी झाली. १५ जुलैच्या बिलात व्याज २,२२५ आणि जीएसटी ४०१ लागलंय. दर महिना ३.५ टक्के आहे. राहिलेल्या ३८,००० वर दहा दिवसांचं व्याज एवढं कसं?

उत्तर:

बँकेचा हिशोब बरोबर आहे. तुम्ही व्याज ५ जुलैपासून धरताय, बँक ते खरेदीच्या दिवसापासून धरते. बिल पूर्ण भरलं तरच मधले दिवस बिनव्याजी मिळतात. एक रुपयाही मागे ठेवला की ती सवलत मागच्या तारखेपासून जाते.

३.५ टक्के महिना म्हणजे वर्षाला ४२ टक्के, आणि आकारणी रोजच्या शिलकीवर होते. १ जून ते ४ जुलै हे ३४ दिवस पूर्ण ४०,००० थकीत होते. दिवसाला ४६ रुपये, म्हणून १,५६५. तुमचे २,००० जमा झाल्यावर ५ ते १५ जुलै या ११ दिवसांचं ३८,००० वर ४८१. राहिली २० जूनची खरेदी. तिचं बिल तोवर आलंही नव्हतं, पण आधीची बाकी शिल्लक असताना नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. तिच्यावर २६ दिवसांचे जेमतेम १८०. हे सगळं मिळून २,२२५ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी.

यातली खोच अशी, की ५ जुलैला तुम्ही २,००० ऐवजी ३५,००० भरले असते तरी या बिलातलं व्याज जेमतेम ४१८ रुपयांनी कमी झालं असतं. पहिले ३४ दिवस दोन्हीकडे सारखेच. अर्थात त्यापुढच्या महिन्यांत फरक मोठा पडला असता, तेव्हा जमेल तेवढं जास्त भरणं केव्हाही बरं.

मग मिनिमम ड्यूचा उपयोग काय? तेवढं भरलं की लेट फी लागत नाही आणि सिबिलला थकबाकी म्हणून नोंद जात नाही. बस, एवढंच. व्याजाशी त्याचा संबंध नाही. ही रक्कम साधारणपणे थकबाकीच्या ५ टक्के असते, त्यात ईएमआय असल्यास तो, फी आणि कर मिळवतात. अनेक बँका आता व्याजही पूर्ण धरतात, त्यामुळे पुढच्या बिलात तुमचा मिनिमम ड्यू एकदम वाढलेला दिसला तर चकित होऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार मिनिमम ड्यू असा ठरवावा लागतो की तो भरत राहिल्यास मुद्दल फुगत जाऊ नये. पण फुगत नाही म्हणजे झपाट्याने फिटतं असं नाही. जीएसटी धरून महिन्याला ४.१३ टक्के जातात. तुम्ही एकूण बाकीच्या ५ टक्केच भरत राहिलात तर मुद्दलातून एक टक्काही हटत नाही. त्याच निर्देशांत न भरलेली फी आणि कर व्याजासाठी मुद्दलात मिळवायला मनाई आहे. तुमच्या बिलात तसं झालेलं दिसलं तर बँकेकडे लेखी तक्रार करा.

आता पुढचं. ४६,६२६ चं बिल पूर्ण भरायची सोय असेल तर ५ ऑगस्टची वाट पाहू नका. बिलाची तारीख ते पैसे जमा होण्याचा दिवस, या काळाचं व्याज चालूच राहतं आणि ते ऑगस्टच्या बिलात येतं. ५ ऑगस्टला भरलं तर जीएसटीसह बाराशेच्या आसपास, १८ जुलैलाच भरलं तर सव्वाशेच्या आसपास. पूर्ण भरूनही व्याज आलं म्हणून लोक कस्टमर केअरशी भांडतात ते याच रकमेवरून. तीही भरून टाका, नाहीतर चक्र परत सुरू. तोवर या कार्डवर दुधाची पिशवीसुद्धा घेऊ नका, कारण तिच्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज लागेल.

सोय नसेल तर बाकी ईएमआयमध्ये बदलून मिळते का ते ॲपमध्ये बघा. दर बहुधा निम्म्याच्या आसपास असतो, पण प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी धरूनच तुलना करा. पर्सनल लोन मिळत असेल तर त्याच्या व्याजावर जीएसटी नसतो. फरक तिथेही पडतो.

आणि ऑटो-पे लावलं असेल तर त्याचं सेटिंग आजच उघडून बघा. तिथे मिनिमम ड्यू आणि टोटल ड्यू असे दोन पर्याय असतात, आणि पहिला निवडला गेला असेल तर खात्यात पैसे असूनही दर महिन्याला हेच होत राहील.