अंडं रडतं ते कच्चं म्हणून नव्हे

प्रश्न: माझे स्क्रॅम्बल्ड एग्ज कोरडे होतात आणि ताटलीत पाणी सुटतं. मऊ होण्यासाठी दूध किती घालावं? ऑम्लेटचंही तसंच होतं.

दूध घालूच नका. दुधाने अंड्यात पाणी वाढतं, ते आळायला जास्त उष्णता लागते, आणि आच जराशी चढली की तेच पाणी खाली सुटतं. तुमचा घोळ आचेत आहे.

हे मी एवढं ठासून सांगतोय त्याला कारण आमचे दाजी. काही वर्षांपूर्वी ताईकडे सुट्टीत गेलो होतो. सकाळी सगळ्यांसाठी अंडी मी करतो म्हणालो. मऊ, चकाकणारी, चमच्यावर जेमतेम उभी राहतील अशी झाली होती. दाजींनी ताटली वाकडी करून पाहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "पाव्हणं, हे अंडं अजून रडतंय की!" आणि माझ्या देखत सगळं परत लोखंडी तव्यावर ओतून गॅस मोठा केला. दोन मिनिटांत पिवळे खडे झाले आणि खडखडीत झालेल्या त्या अंड्यातून ताटलीत पाणी सुटलं. म्हणजे अंडं खरं रडलं ते तेव्हा! पण ताईच्या घरात मी काय बोलणार?

फेटलेलं अंडं साधारण 70 अंशांच्या आसपास आळायला लागतं. त्याच्या बरंच वर गेलं की आतली जाळी आवळत जाते आणि पिळलेल्या फडक्यासारखं पाणी बाहेर टाकते. थर्मामीटर कोण लावत बसतंय, म्हणून मी बटर वापरतो. बटरमध्ये 16 टक्क्यांपर्यंत पाणी असतं. पॅनमध्ये ते वितळून बारीक फेस धरतं, हळूच कुजबुजतं, तेव्हा अंडं ओतायचं. जोरात तडतडलं किंवा कडेने तांबूस झालं तर पॅन तापलाय, खाली उतरवून थांबा. तुपात आणि तेलात पाणी नसतं, त्यामुळे ती गप्प राहून तापत जातात आणि आपल्याला पत्ता लागत नाही. तुपाची चव चांगलीच लागते, पण हात बसल्यावर वापरा.

माझं माप म्हणजे तीन अंडी, वीतभर रुंदीचा नॉनस्टिक पॅन, एक मोठा चमचा बटर. पिवळं बटर खारट असतं, तेव्हा मीठ चिमूटभरच. जमल्यास ते फेटतानाच घालून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, गुठळ्या जास्त मऊ होतात. लहान बर्नर, गॅस सिमवर. अंडं ओतल्यावर चुर्र आवाज आला तर चुकलात, आवाज यायलाच नको. पहिला अर्धा मिनिट काही घडत नाही आणि नेमका तिथेच माणसाचा हात गॅसच्या बटनाकडे जातो. जाऊ देऊ नका. कडेला पांढुरकी साय दिसली की रबरी उलथन्याने तळ खरवडत मध्ये ओढत राहा. गुठळ्या भराभर व्हायला लागल्या की पॅन वर उचला, दहा-पंधरा सेकंद हवेतच ढवळा, परत ठेवा. तीन-चार मिनिटं लागतात. अजून ओलसर चकाकी आहे, "आणखी थोडं हवं होतं" असं वाटतंय, तेव्हाच उतरवायचं. उरलेलं काम पॅनच्या उष्णतेवर होतं. वरून थंड बटरचा छोटा तुकडा ढवळला की शिजणं तिथेच थांबतं.

लोखंडी तव्यावर हे अवघड जातं. उचलला तरी तो गार होत नाही.

ऑम्लेटला आच थोडी वाढवा, मध्यमच्या खाली. दोन अंडी ओतून वीस-तीस सेकंद ढवळा, मग हात थांबवा म्हणजे तळ धरेल. वरचा थर ओला असतानाच दुमडून ताटलीत. तळ तपकिरी झाला की आतलंही चिवट झालंच म्हणून समजा.

दाजींची बाजू सांगायची तर त्यांची भुर्जी झकास असते. कांदा-टोमॅटो आणि मोठी आच, तिथे अंडं मोकळं आणि कोरडंच लागतं. पण ती भुर्जी आहे. तिच्या मापाने माझं अंडं का मोजायचं?

आणि हो, हे आधी लिहायला हवं होतं: गरोदर बाई, लहान मूल, वयस्कर किंवा आजारी माणूस यांना असं ओलसर अंडं देऊ नका, साल्मोनेलाचा धोका असतो. त्यांच्यासाठी चकाकी पूर्ण जाईपर्यंत शिजवा, मात्र मंद आचेवरच. दाजी आता सत्तरीला आलेत, तेव्हा त्यांची वाटणी मी दोन मिनिटं जास्त ठेवतो. परवा ताटली वाकडी करून बघितली आणि म्हणाले, "आलं न्हवं पाव्हणं शेवटी वळणावर!"