पहिलं दीड मिनिट

“मॅडम, गुरुवारी माझं पिअर टीचिंग आहे. विषय येतो, स्लाइड्स तयार आहेत, पण उभी राहिले की सुरुवात कशी करू तेच सुचत नाही. आवाज कापतो आणि मी पडद्याकडे बघून वाचतच सुटते.”

ही मुलगी मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाची, आपल्याच वर्गाला शिकवायचा विषय ओआरएस. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मी तिला तिथेच उभं करून सुरुवात करायला लावली. “गुड मॉर्निंग” म्हणून ती लगेच लॅपटॉपकडे वळली. पहिल्याच स्लाइडवर चौदा ओळी होत्या. समोरच्यांनी त्या वाचायच्या की हिचं ऐकायचं? दोन्ही एकदम होत नाही. वर्ग वाचू लागला की माना खाली जातात, आणि त्या बघून हिला वाटतं, आपलं चुकतंय.

भाषण तिनं शब्दन्‌शब्द पाठ केलं होतं. त्यात एक शब्द निसटला की पुढचं सगळं अडायचं. म्हणून आम्ही फक्त दोन वाक्यं पाठ ठेवली, पहिलं आणि पहिल्या स्लाइडकडे नेणारं. मधलं तिनं तिच्या बोलीत सांगायचं. भीती बहुधा सुरुवातीलाच सर्वांत जास्त असते, तेवढ्यापुरता आधार पुरतो.

तिची सुरुवात अशी ठरली:

“जुलाबाच्या पेशंटला पाणी आणि मीठ देतो हे समजतं, पण साखर कशाला? एक लिटरच्या पुडीत साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं, ते चवीसाठी नाही. ग्लुकोज आतड्याच्या पेशीत जाताना सोडियमला सोबत नेतं, आणि मागोमाग पाणी जातं. कॉलऱ्यातही ही वाट चालू राहते. ती कशी, ते आज बघू. माझ्याकडे सहाच स्लाइड्स आहेत. पहिल्या दोनवर नुसती चित्रं आहेत, लिहून घेऊ नका, फाइल नंतर देते. तिसरीवर एक केस आहे, तिथे मी थांबेन आणि तुम्ही उत्तर द्यायचं. काही अडलं तर मध्येच विचारा. आता हे आतडं बघा.”

तोवर पडदा काळाच. पॉवरपॉइंटच्या स्लाइड शोमध्ये B दाबलं की पडदा काळा होतो, पुन्हा दाबलं की स्लाइड परत येते. पडद्यावर काहीच नसल्यामुळे तिला वर्गाकडेच बघावं लागलं. कापऱ्या आवाजाचं कारणही दिसलं: श्वास छातीत कोंडून ती बोलायला लागायची. आधी सावकाश श्वास सोडायचा, मग पहिलं वाक्य. मोठ्यानं, उभ्यानं, घड्याळ लावून तिनं हे पाच वेळा केलं.

या भीतीपायी तुम्ही लेक्चर्स बुडवत असाल, आठवडाभर झोप उडत असेल, तर एवढ्यानं भागणार नाही. प्रत्यक्ष येऊन भेटा.

गुरुवारी तिचा आवाज पहिल्या वाक्याला कापलाच. पण “साखर कशाला?” विचारल्यावर मागच्या बाकावरून कुणीतरी “एनर्जीसाठी!” असं चुकीचं उत्तर दिलं. तिनं त्याच्याकडे बघून “नाही, पण सगळ्यांना तसंच वाटतं” म्हटलं, आणि तिथून ती बोलत गेली.