जर्मनीतल्या घराची अनामत गेली: आधी बँक, नोटीस नको

प्रश्न : "वकीलसाहेब, मुलाला जर्मनीत एम.एस.ला प्रवेश मिळाला, व्हिसाही आला. फेसबुकवरच्या एका ग्रुपमधून लाइपझिगला खोली ठरवली. मालक लंडनला असतो, किल्ली कुरिअरने पाठवतो म्हणाला. १ ऑक्टोबरपासूनच्या करारावर ऑगस्टमध्ये सही करून नागपूरच्या बँकेतून अनामत १,८६० युरो आणि पहिले भाडे ६२० युरो पाठवले. खाते क्रमांक LT ने सुरू होतो. आता किल्लीच्या विम्याचे म्हणून आणखी ४०० मागतो. नऊ दिवस झाले. नोटीस पाठवायची का?" – एक पालक, प्रतापनगर

नोटीस पाठवू नका आणि ते ४०० युरोही देऊ नका. करारावरचे नाव बहुधा दुसऱ्याच कुणाचे आहे. त्याच्या ओळखपत्राची प्रत आधीच्या एखाद्या फसवणुकीत चोरलेली असते. अशा माणसावर नागपूरच्या कोर्टात दावा लावून समन्स परदेशी पोचेपर्यंत मुलाचे शिक्षण संपेल.

तुमच्या प्रकरणाचा निकाल त्या नऊ दिवसांवर आहे. संशय आला त्याच दिवशी बँकेत जायला हवे होते. मालकाच्या उत्तराची वाट पाहत बसणे ही चूक मला पत्रांमागून पत्रांत दिसते आणि दर वेळी वाईट वाटते. आज शाखेत जा आणि 'फसवणुकीमुळे रिकॉल', म्हणजे पाठवलेले पैसे परत बोलवा, असा लेखी अर्ज द्या, पोच घ्या. परदेशी बँकेला गेलेल्या स्विफ्ट संदेशाची प्रत आणि यूईटीआर नावाचा ३६ अक्षरांचा व्यवहार क्रमांक मागून घ्या; त्याच्या आधारे पैसे कुठवर पोचले हे बँकेला शोधता येते. पैसे त्या खात्यात जमा झाले असतील तर समोरची बँक सहसा खातेदाराच्या संमतीशिवाय ते परत करत नाही, पण फसवणुकीची सूचना मिळाल्यावर उरलेली रक्कम रोखू शकते. उरले असेल तरच. रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकाचा आधार अनेक जण घेतात. ते संरक्षण परवानगीशिवाय गेलेल्या पैशासाठी आहे. तुम्ही स्वतः अर्ज भरून पाठवलेत, म्हणून त्यावर विसंबू नका.

लगेच १९३० ला फोन करा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. ही यंत्रणा देशातली खाती झटपट गोठवते, परदेशी खात्यावर तिचा हात तितका पोचत नाही. तरी तक्रारीचा क्रमांक बँकेच्या अर्जाला जोडा. सायबर पोलीस ठाण्यात 'गुन्हा जर्मनीत झाला' असे सांगून परत पाठवले तर ऐकू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीचा प्रश्न न काढता माहिती नोंदवून घ्यावीच लागते. फसवणारे संदेश तुम्हाला नागपुरात मिळाले आणि पैसेही इथूनच गेले. मुलाच्या पासपोर्टची प्रत त्या 'मालकाला' दिली असेल तर तेही तक्रारीत लिहा, पुढच्या कुटुंबाला तीच 'मालकाचा पुरावा' म्हणून दाखवली जाईल. चॅट ज्या फोनवर आहे तो फोन बदलू नका.

आता दुसरी खोली शोधताना एकच कलम डोक्यात ठेवा. जर्मन नागरी संहितेच्या कलम ५५१ प्रमाणे अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी घेता येते, आणि भाडेकरू ती तीन समान मासिक हप्त्यांत देऊ शकतो. पहिला हप्ता भाडेकराराचा काळ सुरू होतो तेव्हा देय होतो. तुमच्या करारात भाडे ६२०, अनामत १,८६०. मर्यादेतच आहे, म्हणून कागद खरा वाटला. पण १ ऑक्टोबरपासूनच्या खोलीसाठी त्या दिवशी ६२० चा पहिला हप्ता पुरला असता. त्याने सगळे ऑगस्टमध्येच घेतले. काही खरे मालकही पूर्ण रक्कम आधी मागतात, आणि विद्यार्थी वसतिगृहांचे स्वतःचे नियम असतात, त्यामुळे नुसती आगाऊ मागणी म्हणजे फसवणूक असे मी म्हणणार नाही. LT म्हणजे लिथुआनियाचे खातेही एरवी चालते. पण 'पहिला हप्ता किल्ली हातात आल्यावर' एवढे लिहिल्यावर जो चिडतो किंवा दुसऱ्या गिऱ्हाइकाची भीती घालतो, त्याला सोडा.

त्याच पत्रात आणखी एक विचारायचे: राहायला आल्यावर नोंदणीसाठी घरमालकाचे प्रमाणपत्र द्याल ना? जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो आणि हे प्रमाणपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे. ते टाळणाऱ्याची खोली खरी असली तरी मुलाच्या निवास परवान्याचे काम अडू शकते.

पहिल्या तीन-चार आठवड्यांसाठी कार्डाने पैसे भरून हॉस्टेल घ्या. तिथे नोंदणी होईल का हे आरक्षणाआधीच ईमेलने विचारा. खोली मुलाने स्वतः आत जाऊन पाहावी, मगच सही करावी. सध्या वेळ नसेल तर हा भाग उद्या करा. बँक आज दुपारी बंद व्हायच्या आत.