पीएस४ विकण्याआधी अकाउंट कसं काढावं, रीसेट कसं करावं आणि भाव काय सांगावा?

"माझा पीएस४ विकायचाय. फक्त रीसेट मारला की झालं का? अकाउंटचं काय करायचं? आणि किंमत किती सांगू?"

नुसतं रीसेट पुरत नाही. त्याआधी एक काम आहे, आणि तेच बहुतेकांचं राहून जातं. माझंही राहिलं होतं. पहिला पीएस४ विकताना मी यूझर डिलीट केला आणि मोकळा झालो. पुढे नवा कन्सोल घेतला तर तो "प्रायमरी" होईना, कारण अकाउंटच्या लेखी प्रायमरी अजून जुनाच होता. त्यामुळे इंटरनेट गेलं की माझ्या डिजिटल गेम्सवर कुलूप दिसायचं आणि घरातल्या दुसऱ्या यूझरला त्या खेळताच येत नव्हत्या.

म्हणून आधी डेटा वाचवा. Settings मध्ये Application Saved Data Management उघडा आणि सेव्ह पेनड्राइव्हवर कॉपी करा. पीएस प्लस असेल तर ऑनलाइनही चढवता येतात. ट्रॉफी एकदा सिंक करून घ्या. मग Account Management मध्ये जाऊन Activate as Your Primary PS4 उघडा आणि Deactivate दाबा. तुमचं अकाउंट त्या मशीनपासून खरं सुटतं ते इथे. घरातल्या आणखी कोणाचं अकाउंट याच मशीनवर प्रायमरी असेल, तर त्यांनाही लॉगिन करून हेच करायला सांगा.

त्यानंतर Settings मधल्या Initialization मध्ये Initialize PS4 निवडा. तिथे Quick आणि Full असे दोन पर्याय येतात. Quick लवकर आटोपतं, पण त्याने पुसलेला डेटा खास सॉफ्टवेअरने परत मिळवता येण्याची शक्यता राहते. परक्या माणसाच्या हाती मशीन जाणार असेल तर Full च करा. त्याला काही तास लागतात आणि मध्येच वीज गेली तर घोळ होतो, म्हणून रात्री उगाच लावून झोपू नका, दिवसा लक्ष राहील असं करा. सुरू करण्याआधी ड्राइव्हमधली डिस्क काढा. काम नीट झालं की मशीन पहिल्यांदा चालू केल्यासारखं, यूएसबी केबलने कंट्रोलर जोडायला सांगणाऱ्या पानावर येतं. ते पान दिसलं की विकायला हरकत नाही.

मशीन आधीच दिलं असेल तर ब्राउझरवरून अकाउंट उघडून सगळी डिव्हाइसेस एकदम डीअॅक्टिव्हेट करता येतात. फक्त हे सहा महिन्यांतून एकदाच करता येतं, म्हणून तो उपाय शेवटचा समजा. लागलीच पासवर्डही बदला.

"अकाउंटसकट द्या, गेम्सही मिळतील" असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. डिजिटल गेम्स अकाउंटच्या असतात, मशीनच्या नव्हे, आणि अकाउंट विकणं नियमातच बसत नाही. शिवाय तुमचं कार्ड त्याच अकाउंटला जोडलेलं असतं. डिस्क असतील तर त्या खुशाल द्या.

भावाचं बोलायचं तर जाहिरातीत लोक काय मागतात ते पाहू नका, प्रत्यक्ष कितीला विकले गेले ते पाहा. मागे लावलेल्या लेबलवरचा मॉडेल नंबर वाचा. CUH-1 ने सुरू होणारा जुना, CUH-2 स्लिम आणि CUH-7 प्रो. तिन्हींचा भाव एकात मिसळू नका. तुमच्याच मॉडेलचे, तेवढ्याच स्टोरेजचे पाच-सहा झालेले व्यवहार घ्या आणि मधला आकडा धरा. तो १०० आहे समजा. पंखा मोठा आवाज करतो, १० कमी. डावी स्टिक हात न लावताही मेनूत सरकत राहते, म्हणजे घेणाऱ्याला दुसरा कंट्रोलर घ्यावा लागणार. चांगल्या वापरलेल्या कंट्रोलरचा भाव १५ असेल तर तेवढे वजा. राहिले ७५. मी ८२ सांगेन आणि ७५ वर थांबेन. आवाज आणि स्टिकचं जाहिरातीतच लिहा, नाहीतर घेणारा दारात येऊन त्याच दोन गोष्टींवर ६० ला आणेल, आणि त्याचं चूक म्हणता येणार नाही.

देताना टीव्हीला जोडून दाखवा. रीसेट झालेल्या मशीनवर अकाउंटशिवाय स्थानिक यूझर बनवून डिस्कची गेम चालवता येते, म्हणजे डिस्क ड्राइव्ह, कंट्रोलर, आवाज सगळं त्याच्यासमोर तपासून होतं. सीरियल नंबरचा फोटो स्वतःकडे ठेवा, म्हणजे उद्या कोणी दुसरंच मशीन आणून "हे बिघडलंय" म्हणालं तर ताडून पाहता येईल. जाहिरातीतल्या फोटोत मात्र तो नंबर झाका.