अनुभव नाही, मग ईमेलमध्ये लिहायचे काय?

प्रश्न : इंटर्नशिपसाठी कंपनीला ईमेल करताना बायोडेटा वर्डमध्ये पाठवावा की पीडीएफमध्ये?

पीडीएफमध्ये, फाइलला स्वतःचे नाव आणि शाखा द्यावी.

प्रश्न : मी सोलापुरात इलेक्ट्रॉनिक्सच्या अंतिम वर्षाला आहे. अनुभव काहीच नाही, टॉवेलच्या यंत्रमागावर एक प्रकल्प तेवढा केला. अहवाल सोबत जोडला आहे. ईमेलमध्ये काय लिहू?

हा प्रकल्पच लिहावा. ‘मेहनती, प्रामाणिक, लवकर शिकणारा’ ही ओळ झेरॉक्सच्या दुकानातील तयार नमुन्यातून येते आणि असे अर्ज एकापाठोपाठ वाचले की नावाखेरीज त्यांत फरक उरत नाही. आपल्या अहवालात मात्र असे काही आहे जे कारखान्यात उभे राहिल्याशिवाय कळत नाही, आणि नेमके तेच आपण शेवटच्या पानावर अपयश म्हणून दडवले आहे. पहिल्या परिच्छेदात ते असे यावे :

‘तीन जणांच्या प्रकल्पात सेन्सर आणि मोजणीचा प्रोग्राम माझ्याकडे होता. मागाच्या काउंटरवर दहा मिनिटांत आडव्या धाग्याचे १,२०० फेरे झाले, तेव्हा आमच्या इन्फ्रारेड सेन्सरने १,१४६ मोजले, कारण त्याच्यावर सुताची तूस बसत होती. क्रँकशाफ्टवर चुंबक आणि शेजारी हॉल सेन्सर बसवल्यावर फरक एका फेऱ्यावर आला. ही चाचणी एकाच मागावर झाली आहे.’

साध्या मागाचा क्रँकशाफ्ट प्रत्येक फेऱ्याला एकदाच फिरतो आणि चुंबकाला तुशीची बाधा होत नाही, हे जाणकार वाचणारा लगेच ओळखतो. म्हणूनच चुकलेले ५४ फेरे आपल्या बाजूने बोलतात. शेवटचे मर्यादेचे वाक्य गाळू नये, कारण त्याच्यामुळे आधीच्या आकड्यांवर विश्वास बसतो. त्यानंतर ती कंपनी काय बनवते आणि हे काम तेथे कोठे जोडता येईल हे एका वाक्यात, व कोणत्या तारखेपासून किती आठवडे येऊ शकता हे दुसऱ्यात लिहावे. तीस कंपन्यांना एकच ईमेल पाठवणाऱ्याला ते पहिले वाक्य कधीच लिहिता येत नाही. कारखान्याचे नाव मालकांच्या परवानगीशिवाय देऊ नये, आणि आकडे पाठवण्यापूर्वी मार्गदर्शक प्राध्यापकांकडून तपासून घ्यावेत.

प्रश्न : एक संस्था साडेतीन हजार रुपयांत इंटर्नशिपचे प्रमाणपत्र देते. ईमेलला जोडू का?

जोडू नये आणि घेऊही नये. ‘तिसऱ्या दिवशी कोणते काम केले?’ एवढा एक प्रश्न विचारला की असे प्रमाणपत्र उघडे पडते आणि मग खऱ्या प्रकल्पावरही संशय येतो. कोठेही पैसे भरण्याआधी महाविद्यालयाच्या प्रशिक्षण व प्लेसमेंट अधिकाऱ्यांना विचारावे.

प्रश्न : मित्र म्हणतो, उत्तर येईपर्यंत रोज ईमेल पाठवत राहावे. खरे का?

मित्राचे ऐकू नये. आठ-दहा दिवसांनी त्याच ईमेलखाली दोन ओळींची एकच आठवण पुरे. जानेवारीत जायचे आणि पहिला ईमेल डिसेंबरअखेरीस, ही घाई मात्र दरवर्षी दिसते. अनेक कारखाने महाविद्यालयाचे पत्र मागतात आणि त्याच्यावर सही होण्यात दिवस जातात, तेव्हा त्याविषयी विभागप्रमुखांना ऑक्टोबरातच भेटावे.