फिकच्या डेरिव्हेशनचं एक कार्ड

"मॅम, मोठ्या डेफिनिशन, डेरिव्हेशन मी कार्डवर टाकते, रोज रिव्ह्यूही करते, तरी पेपरात अर्धंच आठवतं. कार्डं तोडली की सगळं सुटं सुटं होतं. नक्की किती तोडायचं?"

हे विचारणारी मुलगी फर्स्ट इयर एमबीबीएसची, डोंबिवलीहून लोकलने येणारी, गाडीतच अँकी हे फ्लॅशकार्डचं ॲप उघडून बसायची. मी म्हटलं, तुला सगळ्यात छळणारं कार्ड दाखव. फिक प्रिन्सिपलचं निघालं. पुढे "कार्डियाक आउटपुटसाठी डिराइव्ह करा" आणि मागे नऊ ओळी, त्यावर leech असा टॅग, म्हणजे ते आठ वेळा तरी विसरून झालेलं. माझ्यासमोर तिने उत्तर दिलं, सात ओळी बरोबर आल्या, दोन राहिल्या, आणि बोट Again वर की Good वर यातच ती अडली. खरी गोची तिथेच आहे बघा, Again दाबलं तर येत असलेल्या सात ओळी उद्या परत घोकायच्या आणि Good दाबलं तर राहिलेल्या दोन थेट पुढच्या आठवड्यात जाणार.

मग मोबाईल बाजूला ठेवून कागदावर सोडवायला लावलं. कार्डियाक आउटपुट म्हणजे मिनिटाला रक्त Q, ते फुफ्फुसात येताना ऑक्सिजन आणतं Q × Cv, बाहेर पडताना नेतं Q × Ca, मधला फरक फुफ्फुसातून घेतलेला, तोच VO2.

```
VO2 = Q × (Ca − Cv)
Q = 250 / (200 − 150) = 5 लिटर/मिनिट
```

(250 म्हणजे मिनिटाला मिली ऑक्सिजन, 200 आणि 150 म्हणजे लिटरभर रक्तातला मिली ऑक्सिजन.)

जिथे जिथे पेन थांबलं तिथे एक कार्ड, एवढाच नियम दिला. पाच झाली: आत येणारा ऑक्सिजन किती, बाहेर जाणारा किती, वजाबाकी कशाएवढी, आकडे घालून Q काढ, आणि Cv साठीचं व्हीनस सॅम्पल कुठून व का.

पण पुढच्या आठवड्यात आली तेव्हा पाचाची तेवीस झाली होती! फॉर्म्युल्यातलं एकेक अक्षर झाकून क्लोझ केलेले, आणि उत्तरं धडाधड येत होती, फक्त ती वाक्याचा आकार बघून येत होती. Cv झाकलं की Cv म्हणायची, पण तो वजा का करायचा विचारलं की गप्प. ते क्लोझ सगळे काढायला लावले. आणि पूर्ण डेरिव्हेशन कार्डवर नकोच, दर रविवारी एकदा कोऱ्या कागदावर लिहायचं, कारण तुकडे जोडायचा सराव कार्डं देत नाहीत.

तरी ते व्हीनस सॅम्पलवालं अडतच होतं. नीट बघितलं तर त्यात दोन प्रश्न होते. "कुठून?" वेगळं केलं, उत्तर पल्मोनरी आर्टरी. "हाताच्या शिरेतलं का नाही?" वेगळं, कारण प्रत्येक अवयव ऑक्सिजन कमीजास्त काढतो आणि सगळीकडचं रक्त नीट मिसळलेलं पल्मोनरी आर्टरीतच मिळतं. त्यानंतर ती दोन्ही कार्डं अडली नाहीत.