मागच्या खोलीत नेट न्यायचंय? आधी विजेचे मीटर मोजा

दादा, पॉवरलाइन अडॅप्टर म्हणजे एक राउटरपाशी आणि एक मागच्या खोलीत लावून विजेच्या वायरीतूनच नेट नेणारी जोडी. जुन्या घरात तो चालतो, पण खोक्यावरच्या १००० एमबीपीएसवर जाऊ नका. हातात त्याचा लहानसा भागच येतो. सुरुवातीला एवढंच करा:

- दोन्ही अडॅप्टर थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा. स्पाइक गार्डमधला फिल्टर नेमका हाच सिग्नल खातो. नव्वद टक्के तक्रारी इथेच मिटतात, असा माझा अंदाज.
- आधी दोन्ही एकाच खोलीत लावून लॅपटॉप केबलने जोडा आणि स्पीड लिहून ठेवा. मग एक मागच्या खोलीत न्या. पहिल्या खोलीतच रडत असेल तर वायरिंगला दोष देऊ नका, अडॅप्टर बदला.

आमचं गिरगावातलं घर म्हणजे शेजारच्या दोन खोल्या जोडून केलेलं एक. पहिल्या खोलीत ९० मिळायचे, मागे जेमतेम ४. कारण दोन खोल्यांचे मीटर दोन! भिंत एक असली तरी सिग्नलला खाली मीटरच्या खोलीपर्यंत जाऊन परत वर यावं लागत होतं. तिथे अडॅप्टर बदलून काही होत नाही. मी शेवटी दारावरून लॅनची केबल ओढली.

मीटर एकच असूनही स्पीड वरखाली होत असेल, तर मोबाइलचे चार्जर आणि एलईडी दिवे एकेक बंद करून बघा. पंखा लावला की दिवा लुकलुकतो, सॉकेट गरम लागतं? मग सांधा सैल आहे. नेट राहू द्या, आधी वायरमन बोलवा.